मदत हवी आहे: गिझरचं पाणी कोमटच राहतंय, कॉइल आणि थर्मोस्टॅट दोन्ही बदलू का?

कासारवडवलीकर_मीनल
घोडबंदर रोडला राहते. १५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर, साडेपाच वर्षांचा. गेल्या महिन्यापासून पाणी कोमटच येतंय. वीस मिनिटं लावून ठेवला तरी पहिली बादलीसुद्धा धड गरम भरत नाही. तासभर विसरलं तर मात्र बऱ्यापैकी गरम मिळतं. मॅकॅनिक आला, झाकण उघडून टेस्टर लावला आणि म्हणाला, "ताई, कॉइल वीक झालीय, थर्मोस्टॅटपण टाकून घ्या." दोन्हीचे मिळून अडीच हजार. सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी मिसळून येतं, तेवढं लक्षात घ्या. दोन्ही बदलावंच लागेल का?

ऐरोली_सेक्टर८
मॅकॅनिक बरोबर सांगतोय. कॉइल जुनी झाली की ताकद कमी होते. बदलताच आहात तर ३००० वॅटची टाका, पाणी पटकन तापेल. आमच्याकडे मोरबेचं पाणी, आठ वर्षांत गिझर उघडलेला नाही.

निवृत्त_वायरमन
३००० वॅटची अजिबात नको. साडेआठ-नऊ अँपियरच्या जागी तेरा अँपियर जातील. आतली वायर, थर्मोस्टॅट आणि भिंतीतला पॉइंट हे सगळं कंपनीने २००० साठी दिलेलं असतं.

आणि कॉइल "वीक" होत नाही हो. आतली तार तुटली तर पाणी गारच राहतं, शाबूत असली तर पूर्ण वॅट देते. कोमट म्हणजे कॉइल तापतेय, पण पुरेसा वेळ नाही. मीनलताई, उद्या एक करा. गार पाण्याने भरलेला गिझर लावा आणि तापण्याचा दिवा किती मिनिटांनी विझतो ते घड्याळ लावून बघा. विझल्यावर नळ न उघडता तिथेच थांबा, परत पेटतो का आणि कधी तेही लिहा.

पाचपाखाडी_नाना
आमच्याकडेही हेच. सिलिंडर संपत आला की पाणी कोमट येतं. सेल बदलून बघा.

कासारवडवलीकर_मीनल
नाना, आमचा विजेवरचा आहे, गॅसचा नाही. 🙂

खारघरची_सून
आधी मिक्सर तपासा! आमच्याकडे शॉवरच्या मिक्सरमधलं कार्ट्रिज गेलं होतं, गार पाणी गरम पाइपात घुसत होतं. गिझरवर उगाच दोन वेळा पैसे गेले.

निवृत्त_वायरमन
हा मुद्दा खरा आहे. मिक्सरखालचा गार पाण्याचा कॉक बंद करून फक्त गरम नळ सोडा. तेव्हा पाणी चांगलं गरम आलं तर दोष मिक्सरचा.

कासारवडवलीकर_मीनल
सकाळी सगळं केलं. गार कॉक बंद करूनही कोमटच, म्हणजे मिक्सर सुटला. दिवा सहा मिनिटांत विझला. मी स्टूल घेऊन बसले होते, नवऱ्याला वाटलं पूजा चाललीय. चार मिनिटांनी आपोआप परत पेटला आणि दोन-अडीच मिनिटांत पुन्हा विझला. बाळाच्या अंघोळीसाठी आणलेलं थर्मामीटर कामी आलं. नळाचं गार पाणी २७ होतं. दुसऱ्या वेळी गिझर पुन्हा गार भरून लावला आणि दिवा पहिल्यांदा विझताच बटण बंद करून पाणी काढलं, ते ३८ अंश.

निवृत्त_वायरमन
झकास! २००० वॅट सहा मिनिटं चाललं तर १५ लिटर पाणी साधारण साडेअकरा अंशांनी चढतं. तुमचं ११ चढलं. कॉइल पूर्ण वॅट देतेय. २७ वरून ६० पर्यंत जायला सतरा-अठरा मिनिटं दिवा पेटता हवा, तुमचा सहातच जातोय.

आता तो परत का पेटतो ते बघा. थर्मोस्टॅटच बिघडून ३८ वर तोडत असता, तर टाकीतलं पाणी निवेपर्यंत दिवा गप्प राहिला असता. चार मिनिटांत पाणी निवत नाही. म्हणजे त्याला पाणी नाही, कॉइल तापलेली कळतेय. थर्मोस्टॅटची दांडी ज्या नळीत बसते ती कॉइलच्या वेटोळ्यांच्या मधोमध असते. बोअरच्या क्षारांनी दोन्ही एकमेकांना चिकटली की पाणी कोमट असतानाच तो तोडतो. तुम्ही पहिल्यांदाच लिहिलं होतंत की तासभर ठेवलं की गरम मिळतं. अशा थांबत थांबत चाललेल्या गिझरचं तसंच होतं. नुसता नवा थर्मोस्टॅट टाकला असता तर तोही सहा मिनिटांतच तुटला असता.

उघडून साफ करा. एमसीबी पाडा आणि टर्मिनलवर टेस्टर लावून खात्री करा. नुसत्या बटणावर विसंबू नका, बटण न्यूट्रलवर लावलेलं मी कितीदा पाहिलंय. इनलेट बंद करा, गरम नळ उघडा आणि सेफ्टी व्हॉल्व्हचा खटका उचलून टाकी रिकामी करा. वायर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

ऐरोली_सेक्टर८
पण पाच वर्षांचा थर्मोस्टॅट परत बसवायचा? एवढं उघडलंय तर दोन-तीनशेचा भाग बदलून टाकावा ना.

कासारवडवलीकर_मीनल
सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून उघडलं. कॉइल दिसेचना! जणू पांढरा भजीचा घाणा, वेटोळी आणि मधली नळी सगळं एकजीव. तळाशी अर्धा तांब्याभर चुरा निघाला. थर्मोस्टॅटची दांडी गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवून, डोकं कोरडं ठेवून मल्टीमीटर लावला. ६० च्या आसपास टिक करून तुटला, निवल्यावर परत जुळला. म्हणजे तो ठणठणीत.

कॉइल रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली. थर निघाला, पण खाली तांब्याच्या नळीवर हिरवट खड्डा दिसला. दोन टोकांमध्ये मीटर २७ ओहम दाखवतोय, टोक आणि बॉडीमध्ये काहीच दाखवत नाही. हीच परत बसवू का?

निवृत्त_वायरमन
२७ म्हणजे तार चांगली आहे. बॉडीचं मात्र मल्टीमीटरवर सोडू नका, त्याच्या सेलच्या व्होल्टेजला बारीक गळती दिसत नाही. मेगर लावायला सांगा.

कासारवडवलीकर_मीनल
मेगरवर अर्ध्या मेगओहमच्याही खाली आलं. शेवटी कॉइल बदलावीच लागली, पण मॅकॅनिकने सांगितलेल्या कारणासाठी नाही. स्टेशनजवळच्या दुकानात जुनी सोबत नेली, तो मोठा शहाणपणा झाला. मापाला सारख्या दिसणाऱ्या तीन कॉइलपैकी एकीचेच बोल्टचे भोक आणि नळीचा व्यास जुळला. रबर वॉशर नवा घेतला, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. गरम नळातून सलग धार आल्यावरच एमसीबी वर केला. दिवा अठरा मिनिटांनी विझला, पाणी ५८. थर्मोस्टॅट जुनाच ठेवलाय.

एक राहिलं. आतला मॅग्नेशियमचा दांडा झिजून नुसती तार उरली होती. तसा दांडा दुकानात मिळाला नाही. त्याच्याशिवाय चालेल?

खारघरची_सून
आमच्या गिझरमध्ये तर तो कधी बघितलाच नाही.

निवृत्त_वायरमन
गिझर आज चालेल, पण टाकीला गंज लवकर धरेल. टाकी गळू लागली तर दुरुस्ती नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मॉडेल नंबर सांगून मागवा. थर्मोस्टॅटवरचं लाल बटण, म्हणजे कटआउट, वेगळं आहे की एकत्र? वेगळं असेल तर त्याचा फोटो टाका. बऱ्याच ठिकाणी मॅकॅनिक ते थेट जोडून जातात.

कासारवडवलीकर_मीनल
वेगळं आहे. रात्री फोटो टाकते, आत्ता पाणी गरम आहे तोवर अंघोळी उरकतेय.