वारा आला म्हणून आयोजक सुटतो का?

खटपट्या_नगर
हल्ली फॅशनच झालीये, स्टेज पडलं की पहिला गुन्हा मंडळाच्या अध्यक्षावर. पोरं दारोदार वर्गणी मागतात, रात्र रात्र जागतात. स्टेज कॉन्ट्रॅक्टरनं बांधलं, वारा निसर्गाचा. यात आयोजकाची काय चूक? धरायचं तर कॉन्ट्रॅक्टरला धरा.

ट्रसवाला
डोकं फिरलं वाचून, म्हणून सविस्तर लिहितो. माझं पोट याच धंद्यावर आहे.

13 ऑगस्ट 2011, अमेरिकेत इंडियाना राज्याची जत्रा, संध्याकाळी शुगरलँड बँडचा शो. प्रेक्षक बसलेले, आभाळ काळं. 8:39 ला वादळाचा अधिकृत इशारा आला. 8:45 च्या सुमारास माइकवरून लोकांना सांगितलं की वादळ येतंय, शो होईल अशी आशा आहे, गरज पडलीच तर असं असं बाहेर पडा. 8:46 ला छताचा अख्खा सांगाडा लोकांवर आला. 7 मेले, 58 जखमी. गव्हर्नर पण म्हणाले की विचित्र वारा होता. मग इंजिनीअर नेमले. झोत होता साधारण ताशी 95 किमीचा आणि तिथल्या नियमाप्रमाणे सांगाड्यानं 110 सोसायला हवा होता. म्हणजे वारा विचित्र नव्हताच. छताला जे ताण दिले होते ते जमिनीवर नुसत्या ठेवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधलेले, वाऱ्यानं ठोकळेच सरकले.

ते ठोकळे कॉन्ट्रॅक्टरचे, मान्य. पण 8:39 ते 8:46 मधली सात मिनिटं कोणाची? शो थांबवायचा शेवटचा शब्द कोणाचा, हेच तिथं नीट ठरलेलं नव्हतं. कॉन्ट्रॅक्टर गर्दी उठवू शकत नाही, माइक आयोजकाच्या हातात असतो.

खटपट्या_नगर
अर्धंच सांगताय. त्याच प्रकरणात स्टेजवाल्या कंपनीला 63,000 डॉलर दंड आणि जत्रेच्या कमिशनला फक्त 6,300. मीपण वाचलंय. दहा पट फरक, म्हणजे मूळ दोषी कोण ते सरकारनंच ठरवलं की.

केतकी_वकील
तो दंड कामगार सुरक्षेच्या कायद्याखालचा होता, स्टेजवर काम करणाऱ्यांसाठी. प्रेक्षकांच्या भरपाईशी त्याचा संबंध नाही. भरपाईत सरकारी तिजोरीतून आधी 50 लाख डॉलर गेले कारण कायद्याची मर्यादाच तेवढी होती, ती अपुरी पडली म्हणून विधिमंडळानं आणखी 60 लाख दिले, बाकीचं कंपन्यांनी.

आणि आपल्याकडचं बघा. मेरठला 2006 मध्ये प्रदर्शनाच्या तात्पुरत्या मंडपाला आग लागली होती. आयोजक कोर्टात हेच म्हणाले, मंडप कॉन्ट्रॅक्टरनं उभारला, तो स्वतंत्र माणूस आहे, आमचा काय संबंध. सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये ते फेटाळलं आणि भरपाई 60 टक्के आयोजक, 40 टक्के राज्य सरकार अशी वाटली. ती आग होती, स्टेज नव्हतं, पण तुमचा मुद्दा तिथं अगदी तसाच मांडला गेला आणि टिकला नाही.

सोनचाफा
मला कायद्यातलं कळत नाही. आमच्या मावशीच्या पायावर नवरात्रात साउंडचा टॉवर पडला. पहिल्या दिवशी कार्यकर्ते हॉस्पिटलात फळं घेऊन आले, फोटो काढले. दुसऱ्या ऑपरेशनला कोणी फोन उचलला नाही. साउंडवाला म्हणे मंडळाला विचारा, मंडळ म्हणे साउंडवाल्याला विचारा. मावशी अजून जिन्याला हात धरून चढते. वर्गणी घ्यायला पावती पुस्तक होतं, मग जखमी झालेल्याला उत्तर द्यायला कोणीच कसं नव्हतं?

भोंगा_मिरज
वारा बिरा सोडा हो, आपल्याकडं स्टेज पडतं ते पुढाऱ्यांमुळं. सत्काराला पंधरा माणसांचं स्टेज आणि वर चढतात साठ. निवेदक ओरडून थकतो, कोणी उतरत नाही.

ट्रसवाला
हे खरंय आणि यात मजा अशी की माणसं उभी राहून पडत नाही, हलून पडतं. सगळे एकदम हाराकडं सरकले, फोटोसाठी पुढच्या कडेला आले की वजन एका बाजूला येतं आणि खालचे पाय तिरके होतात. तिरके आधार म्हणजे ब्रेसिंग नसेल तर पाय पत्त्यांसारखे झोपतात. आणि नेमकं समोरचं ब्रेसिंग काढायला लावतात, का तर फोटोत दिसतं!

भोंगा_मिरज
बरोबर! आमच्याकडं एका माजी पदाधिकाऱ्यानं खुर्ची मिळाली नाही म्हणून स्टेजवर सोफा चढवायला लावला होता.

मंडपवाला_मी
आता माझं ऐका. जिना अडवायचं काम आमचं नाही. मी एकदा एका मोठ्या माणसाला म्हणालो साहेब वजन जास्त झालं, तर मलाच ढकलून दिलं. वरून पुढच्या वर्षीचं काम गेलं. आणि पैसे? निम्मे आगाऊ, निम्मे गणपती विसर्जनानंतर, आणि ते विसर्जनातच जातात. घासाघीस करून रेट पाडायचा, मग ताणाच्या दोऱ्या कमी झाल्या की आमच्या नावानं बोंब.

केतकी_वकील
पैसे कमी मिळाले म्हणून दोऱ्या कमी लावल्या, हे तुम्ही लेखी सांगू नका कुठं. बाकी जिन्याचं पटलं. वर किती जण चढणार हे आयोजकानंच ठरवायचं आणि त्यानंच अडवायचं.

मंडपवाला_मी
कमी लावल्या असं मी म्हणालो नाही. शब्द फिरवू नका.

खटपट्या_नगर
बघा, शेवटी कॉन्ट्रॅक्टरच बोलला. 😡 आणि वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी वाऱ्याचं गणित करायचं का? इंजिनीअर काय फुकट येतो?

ट्रसवाला
गणित तुम्ही करू नका, विचारा तरी. स्टेजमागं शुभेच्छांचं फ्लेक्स लावता ना, 10 बाय 4 मीटरचं? ताशी 72 किमी वाऱ्यात त्यावर साधारण एक टन जोर येतो, वर थोडा जास्तच. वारा निम्मा झाला की जोर चौथाई होतो, म्हणून दिवसभर काही हलत नाही आणि सगळ्यांना वाटतं मजबूत आहे. संध्याकाळी वळवाचा एक झोत येतो आणि संपलं. ते फ्लेक्स स्टेजच्या कामाचं नसतं, प्रायोजकासाठी मंडळ नंतर लावून घेतं. सांगाडा मोकळा म्हणून उभारला आणि तुम्ही त्यावर शीड चढवलं, आता दोष कोणाचा?

बघायला डिग्री लागत नाही. ताण जनरेटरच्या गाडीला किंवा बॅरिकेडला बांधलेत का बघा. पाण्याचे ड्रम वजनाला ठेवलेत पण रिकामेच आहेत का, टिचकी मारून बघा. पाऊस झाल्यावर पायाच्या पाट्या मुरमात रुतल्यात का बघा. आणि उभारणाऱ्याकडून एक आकडा सहीनिशी लिहून घ्या, किती वाऱ्याला फ्लेक्स उतरवायचं आणि किती वाऱ्याला लोक उठवायचे. आकडा देत नसेल तर त्याला काम देऊ नका.

मंडपवाला_मी
आकडा देतो मी, पण मग त्या आकड्याला कार्यक्रम थांबवा म्हटलं की थांबवाल? आमदार यायचे असताना?

खटपट्या_नगर
फ्लेक्सचं मान्य, ते आम्हीच लावतो. पण कार्यक्रम थांबवला आणि वारा आलाच नाही तर कलाकाराची बिदागी कोण भरणार ते कोणीच सांगत नाहीये. आणि पोरांवर थेट गुन्हा हे मला अजून पटलेलं नाही.

सोनचाफा
बिदागीचा हिशोब करताय, करा. मावशीच्या तिसऱ्या ऑपरेशनचा पण त्यातच धरा.