मदत हवी आहे: मानेतील गाठ आणि रात्रीचा घाम, टीबीची औषधे आधी की बायोप्सी आधी?

माझ्या 26 वर्षांच्या धाकट्या बहिणीच्या मानेत, उजव्या कॉलरबोनच्या वर, सुमारे दोन सेंटिमीटरची, न दुखणारी आणि रबरासारखी घट्ट गाठ आली आहे. रात्री तिला इतका घाम येतो की उशीचा अभ्राही बदलावा लागतो. संध्याकाळी कणकण असते आणि वजनही उतरले आहे. खोकला, मधुमेह किंवा घरात कोणाला टीबी असे काही नाही, आणि तिला स्टेरॉइड दिलेले नाही.

अँटिबायोटिकच्या पूर्ण कोर्सने गाठ कमी झाली नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ असून एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आहे. सुईने घेतलेल्या नमुन्यात (एफएनएसी) ग्रॅन्युलोमा दिसला, मात्र टीबीचे जंतू आढळले नाहीत. सीबीनॅटसाठी नमुना पाठवलाच गेला नाही. डॉक्टर आता सहा महिन्यांची टीबीची औषधे सुरू करा म्हणतात.

आपल्याकडे ग्रॅन्युलोमाचे कारण बहुधा टीबीच असते, हे मला मान्य आहे. परंतु हॉजकिन लिम्फोमातही तो दिसू शकतो आणि सुईच्या नमुन्यात गाठीची पूर्ण रचना कळत नाही, म्हणून मन धजावत नाही.

कृपया जाणकारांनी सांगावे: औषधांपूर्वी संपूर्ण गाठ काढून तिचा एक भाग फॉर्मलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीसाठी आणि दुसरा सलाइनमध्ये सीबीनॅट व कल्चरसाठी पाठवण्याचा आग्रह धरणे योग्य आहे का, आणि त्यासाठी औषधे थोडी लांबवल्यास धोका किती?