वुड यू माइंड टु कम का चुकतं? (आणि 'कमिंग' केलं तरी माझं काम झालं नाही)

टॉवेलवाला_सोलापूर: मंडळी एक शंका. आमचं टॉवेलचं युनिट आहे अक्कलकोट रोड एमआयडीसीत, बाहेरच्या देशातला एक बायर येणारे त्याला मी मेल टाइप केला, वुड यू माइंड टु कम टु अवर फॅक्टरी ऑन थर्सडे. पाठवायच्या आधी पुतणीनं बघितलं आणि म्हणली काका टु कम नाही, कमिंग पाहिजे. का म्हणून विचारलं तर म्हणते "तसंच असतं." आता वुड यू लाइक टु कम चालतं ना? मग माइंडनं काय घोडं मारलंय? मेल अजून ड्राफ्टमधेच पडलाय.

सात_रस्ता: सोप्पंय की बे. वुड आलं की पुढं पहिलं रूप. वुड यू कम. टु पण नको न् आयएनजी पण नको.

टॉवेलवाला_सोलापूर: अरे पण मधे माइंड आहे ना माझ्या वाक्यात.

निवृत्त_मास्तरीण: सात रस्ता, तुमचा नियम बरोबर आहे पण तो माइंडवरच संपला, वुडच्या पुढं माइंड पहिल्याच रूपात आहे की. प्रश्न माइंडच्या पुढं काय यायचं हा आहे. टॉवेलवाले दादा, तुमची चूक कुठून आली सांगते. आपण मनात म्हणतो "यायला आवडेल का?" आणि "यायला हरकत आहे का?" दोन्हीकडं 'यायला'च, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडं टु कम ठेवून दिलं. पण दुसरं वाक्य "तुमच्या येण्याला काही हरकत?" असंही म्हणता येतं बघा. इथं येणं ही एक वस्तू झाली आणि त्या वस्तूला हरकत आहे का नाही ते विचारलं. माइंडला ही वस्तूच लागते. आय डोन्ट माइंड द हीट, मला उन्हाचं काही नाही वाटत, हे सोलापूरकरानं म्हणायचं वाक्य! त्या हीटच्या जागी क्रियापद बसवायचं तर त्याला नामाचा सदरा घालावा लागतो, आणि कमिंग म्हणजे सदरा घातलेलं कम.

लूमवरचा_इंजिनिअर: मॅडम पटतंय पण अर्धंच. वॉन्टला पण वस्तू चालते की, आय वॉन्ट टी. मग आय वॉन्ट कमिंग का नाही?

निवृत्त_मास्तरीण: पकडलंत. वर्गात हा प्रश्न आला की मी खडू शोधायला लागायचे 😄 खरं सांगायचं तर 'वस्तू' ही लक्षात ठेवायची युक्ती आहे, पुरावा नाही. वॉन्ट, होप, डिसाइड यांची नजर पुढच्या, अजून न झालेल्या गोष्टीकडं असते म्हणून टु, आणि एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड हातातल्या गोष्टीबद्दल बोलतात म्हणून आयएनजी, असंही सांगतात. पण गुरुवारी येणं पुढचंच आहे आणि तिथं कमिंगच लागतं, म्हणजे तेही पूर्ण बसत नाही. शेवटी एकेका क्रियापदाची सवय असते. लाइक तर दोन्हीकडचं खातं, लाइक कमिंग पण आणि लाइक टु कम पण, फक्त मागं वुड लागलं की बहुतेक वेळा टु.

चटणी_भाकरी: पण बायर माइंड कशाला करेल? आपण कुणाला माइंड करू नको म्हणतो म्हणजे राग मानू नको. यात राग मानायसारखं काय आहे, सरळ ये म्हणा न् शेंगा चटणी खाऊ घाला.

सात_रस्ता: हे वेगळंच गाडं चाललंय 😂

निवृत्त_मास्तरीण: हसू नका, चटणी भाकरींनी नकळत खरी गोम धरली. मराठीत माइंड करणं म्हणजे वाईट वाटून घेणं, आणि इंग्रजी माइंडच्या पोटात तेच आहे, त्रास वाटणं, खटकणं. म्हणून दादा, तुम्ही कमिंग केलंत तर व्याकरण सुधारेल पण मेल तरी बरा होणार नाही. तुम्ही पाहुण्याला बोलावताय ना? वुड यू माइंड कमिंग टु अवर फॅक्टरी म्हणजे "आमच्या कारखान्यात यायची जरा तसदी घ्याल का", जसं काही त्यांचं यायचं ठरलंच नव्हतं आणि तुम्ही गळ घालताय. आमंत्रणाला वुड यू लाइक टु कम. माइंड वापरायचं ते समोरच्याला थोडी खोट खायला लावताना, म्हणजे सरकून बसा, आवाज कमी करा, वेळ बदला.

टॉवेलवाला_सोलापूर: थांबा थांबा. ते नऊ वाजता येतो म्हणलेत, आणि तेव्हा आमच्या डाइंगची मशीन धुवायला असते, बघायला काहीच नसतं. मला खरं तर अकरा करून घ्यायचेत. मग?

निवृत्त_मास्तरीण: हे आधी सांगायचं ना! मग माइंडसारखा शब्द नाही. वुड यू माइंड कमिंग ॲट इलेव्हन इन्स्टेड ऑफ नाइन. वेळ तुमच्या सोयीसाठी बदलताय, त्रास त्यांना, तो त्रास तुम्ही ओळखलाय हे माइंडनं कळतं. आणि येऊ नका म्हणायचं असेल तर नॉट आयएनजीच्या आधी, वुड यू माइंड नॉट कमिंग बिफोर इलेव्हन.

लूमवरचा_इंजिनिअर: आणि मीच गाडी घेऊन न्यायला जाणार असेन तर? वुड यू माइंड कमिंग म्हणलं तर यायचं त्यांनाच ना.

निवृत्त_मास्तरीण: हो, नुसत्या आयएनजीत काम करणारा समोरचाच. तुम्ही करणार असाल तर इफ लावा, वुड यू माइंड इफ आय केम टु द हॉटेल. तिथं केम, कम नाही. डू यू माइंड म्हणलात तर मात्र इफ आय कम.

पहिली_नोकरी: माझी स्टोरी ऐका. इंटरव्ह्यूत सर म्हणाले वुड यू माइंड वेटिंग आउटसाइड, मी एकदम अदबीनं म्हणलं येस सर. म्हणजे हो मला हरकत आहे 🤦 ते दोन सेकंद माझ्याकडं बघतच राहिले, मी पण बघत राहिलो, कुणी उठेना. मग मीच सॉरी म्हणून बाहेर गेलो. नोकरी नाही लागली, पण ती त्यामुळंच असं काही नाही, बाकीची उत्तरं पण तशीच होती.

निवृत्त_मास्तरीण: अहो इथं तर मराठी मदतीलाच उभी आहे, आपण "हरकत नाही" असंच म्हणतो ना, ते नो, नॉट ॲट ऑल. नाही म्हणून होकार द्यायची सवय आपल्याला आहेच, फक्त समोर इंग्रजी आलं की साहेबाला येस सर म्हणायची सवय आधी पळते.

लूमवरचा_इंजिनिअर: पण मॅडम आमचे बाहेरचे क्लायंट कॉलवर सर्रास शुअर म्हणतात की, वुड यू माइंड शेअरिंग युवर स्क्रीन म्हणलं की शुअर न् लगेच शेअर करतात. सगळे चुकतात का?

निवृत्त_मास्तरीण: नाही चुकत, ते शब्दाला नाही विनंतीला उत्तर देतात. तरी मी शुअर शिकवणार नाही.

लूमवरचा_इंजिनिअर: मी तर शुअरच म्हणणार 🙂

सात_रस्ता: आमच्या एका सरांनी मात्र माइंड टु कुठंतरी वाचलंय म्हणे, माइंड टु लॉक द डोअर असं काहीतरी.

निवृत्त_मास्तरीण: असेल, स्कॉटलंडकडं माइंड म्हणजे आठवण ठेवणं. दार लावायचं लक्षात ठेव. तो वेगळा अर्थ झाला, आपल्या हरकतीशी त्याचा संबंध नाही.

टॉवेलवाला_सोलापूर: पाठवला. वुड यू माइंड कमिंग ॲट इलेव्हन इन्स्टेड ऑफ नाइन, पुढं वुई वुड लाइक टु शो यू द डाइंग सेक्शन. उत्तर आलं, नॉट ॲट ऑल, इलेव्हन इज फाइन. आधी नॉट बघून माझ्या पोटात गोळाच आला, पुतणीला फोन लावून खात्री केली की येणार आहेत म्हणून.