नोटिफिकेशनचा सूर बदलला की कटकट थांबते का?

मुक्ता, कॉलेज रोड
आम्ही तिघी मिळून चालण्याचं एक मराठी ॲप करतोय. नाशिकमधले ओळखीचे साठेक लोक सध्या वापरून बघतायत. रोज तीन नोटिफिकेशन जातात. एकसुरी वाटू नये म्हणून मी चाळीस वाक्यं लिहिली, काही प्रेमळ, काही चिडवणारी, काही नुसती माहितीची. तरी दुसऱ्या आठवड्यात बऱ्याच जणांनी नोटिफिकेशन बंद करून टाकली. आणखी वेगळ्या सुरांत लिहू, की सूर हा मुद्दाच नाही?

आडगावकर
सूर हाच मुद्दा आहे, फक्त तुमचा मवाळ पडतोय. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर मी बरीच वर्षं मुलांना पळवतोय. "छान चाललंय" म्हटलं की पोरगं तिसऱ्या फेरीला थांबतं. "तो बघ, पुढे गेला" म्हटलं की चौथी मारतं. माणसाला थोडं टोचावं लागतं. रोज तीन म्हणजे काहीच नाहीत, पहिल्या महिन्यात पाच पाठवा.

सुमन, इंदिरानगर
अगं, एवढा त्रास कशाला करून घेतेस? नोटिफिकेशन आलं की त्यावर बोट दाबून धर, खाली बंद करायचं येतं, तिथे दाब. परत येत नाही. मला माझ्या भाचीने शिकवलं. मी औषधांच्या दुकानाचं, सेलचं, सगळं असंच बंद केलंय. चालायला मी मैत्रिणीबरोबर जाते, तिला फोन केला की झालं.

अनुजा, पंचवटी
सुमनताई, मुक्ताला तिची नोटिफिकेशन लोकांनी बंद करू नयेत असं हवंय. पण तुम्ही लिहिलंत ते तिने नीट वाचावं. दोन सेकंदांचं काम आहे, आणि त्यानंतर ॲपच्या हातात काही उरत नाही. अँड्रॉइड 8 पासून प्रत्येक प्रकारच्या नोटिफिकेशनचा वेगळा चॅनल असतो. माणसाने तो बंद केला तर ॲपला तो स्वतःहून उघडता येत नाही. मुक्ता, तुमचं सगळं एकाच चॅनलवर असेल तर सकाळच्या एका टोचणीपायी रविवारचा हिशोबही गेला. आठवण वेगळी, शाबासकी वेगळी, आठवड्याचा हिशोब वेगळा ठेवा.

आता सुराचं. मी काही वर्षं ॲपसाठी वाक्यं लिहितेय, त्यावरून सांगते. तुझी चाळीस वाक्यं मला न बघताही वाटतं की ती एकच वाक्य आहेत: "तुम्ही अजून चालला नाहीत." ते लाडाने म्हटलं काय, चिडवून म्हटलं काय, ऐकणाऱ्याला तेवढंच ऐकू येतं. प्रसंग बदलला की सूर आपोआप बदलतो.

एक माणूस धर, जो बहुतेक दिवशी संध्याकाळी साडेसहाला वीस मिनिटं चालतो. त्याला सव्वासहाला: "वीस मिनिटं, गोदाकाठाने. ऊन उतरलंय." चौदाच मिनिटं चालून आला तर: "चौदा मिनिटं झाली. आजचं खातं जमा." इथे उरलेल्या सहा मिनिटांचा उल्लेख नको. दोन दिवस चुकले तर तिसऱ्या दिवशी त्या दोन दिवसांबद्दल अवाक्षर नाही: "पाच मिनिटं पुरे. कोपऱ्यापर्यंत आणि परत." आणि तो सकाळीच चालून आला असेल तर संध्याकाळी काहीही नाही.

हे शेवटचं सगळ्यात जास्त चुकतं. वेळ लावून ठेवलेलं नोटिफिकेशन चालून झाल्यावर रद्द करावं लागतं, ते आपोआप थांबत नाही. उद्या तू सकाळीच तुझं उद्दिष्ट पूर्ण कर आणि संध्याकाळी फोनवर काय येतं बघ. "चला, उठा" आलं तर लोक का चिडले ते तिथेच कळेल.

सातपूर तिसरी पाळी
माझं हेच झालं, फक्त उलट. मी दुसरं एक ॲप वापरायचो. रात्रपाळी करून सातला घरी येऊन झोपलो की आठला टिंग: "सूर्य उगवला, तुम्ही कधी उठणार?" मी रात्रभर मशीनसमोर उभा होतो. घड्याळाने दहा हजारांच्या वर पावलं दाखवली होती. तिसऱ्या दिवशी ॲपच काढून टाकलं. पाळी दर आठवड्याला बदलते, हे त्या ॲपला सांगायची सोयच नव्हती. चालायला मला आवडतं. मुक्ताताई, तुमच्यात पाळी भरता येते का?

आडगावकर
पाळीवाल्या भावाचं पटलं, ते चुकीचंच आहे. पण अनुजाताई, तुम्ही सांगताय तसं केलं तर ॲप गप्पच बसेल. सवय लागायच्या आधी माणसाला गप्प सोडलं की तो परत येत नाही. माझ्याकडची जी मुलं टिकली, त्यांच्या घरी मी फोन केलेत.

अनुजा, पंचवटी
सुरुवातीला जास्त आठवण लागते, हे तुमचं बरोबर आहे. पण ती टिकत नाही. अमेरिकेत हार्टस्टेप्स नावाचा सहा आठवड्यांचा प्रयोग झाला, 2019 मध्ये छापून आला. दिवसातून पाच वेळांपर्यंत फोनवर चालायचं सुचवलं जायचं. सुरुवातीला लोक पुढच्या अर्ध्या तासात जास्त चालले, आणि दिवस जातील तसा तो फरक ओसरत गेला. म्हणून पाचवर जायला मी तयार नाही.

तुमच्या फोनबद्दल म्हणाल, तर त्या मुलाला ठाऊक असतं की सर त्याला ओळखतात. दुखरा पाय दिसला तर तुम्ही टोचणार नाही. ॲपला पाय दिसत नाही. टोचून घ्यायला आवडणारे लोक आहेत, हे मी मानते. पहिल्या दिवशीच विचारावं, "कडक चालेल की साधं?" कडक निवडणाऱ्यालाच कडक वाक्यं.

आणि मुक्ता, चाळीस वाक्यं फेकू नकोस. ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपच्या लोकांनी 2020 मध्ये नोटिफिकेशनचं वाक्य निवडायची त्यांची पद्धत मांडली होती. एखादा नमुना नुकताच दाखवला असेल तर त्याचे गुण कमी धरायचे, दिवस उलटतील तसे ते भरत जातात. तुमच्या साठ लोकांना एवढं गणित नको. कोणतं वाक्य कोणाला कधी गेलं याची नोंद ठेव, आणि तेच वाक्य दोन आठवडे त्याला पुन्हा जाऊ देऊ नकोस.

मुक्ता, कॉलेज रोड
सकाळी चालून आले. संध्याकाळी आलंच: "आज पाय रुसलेत का?" मला खरंच वाईट वाटलं. पाळी भरायची सोय नाहीये, ती करतोय. आणखी एक सापडलं. घडी केलेल्या नोटिफिकेशनमध्ये एकच ओळ दिसते, आणि आपलं क्रियापद शेवटी. "आज संध्याकाळी जेवणाआधी घराजवळच्या बागेत वीस मिनिटं" इथेच ओळ तुटते, पुढचं "चालून या" कोणी वाचतच नाही. आता वेळ आणि ठिकाण आधी लिहिते. चाललास की चाललीस हा प्रश्न "झाली", "पुरे" अशा शब्दांनी सुटतो. पण "तू" की "तुम्ही" यावर आमच्यात अजून एकमत नाही. आणि दहा दिवस न आलेल्याला काय पाठवायचं?

अनुजा, पंचवटी
एकदाच, आणि मग पुढचं बंद: "आठवणी थांबवतोय. हव्या तेव्हा ॲपमधून पुन्हा सुरू करता येतील."

आडगावकर
हे मला अजिबात मान्य नाही. सोडून द्यायचं माणसाला?

सातपूर तिसरी पाळी
मला हे आलं असतं तर मी ॲप ठेवलं असतं. "तुम्ही" करा. आमच्या लाइनवर बाबाही आहेत, ते साठीला आलेत.

सुमन, इंदिरानगर
मला "तू" चालेल. पण सकाळी सातच्या आत नको, तेव्हा मी मैत्रिणीबरोबर बाहेर असते.