मदत हवी: 64 आयटमचं मेनूकार्ड 64 पानांवर येऊन राहिलं

महालचा_भाचा (रात्री 9:12)
मामाचं नागपूरच्या महाल भागात नाश्त्याचं दुकान आहे. दर वाढले म्हणून नवीन मेनूकार्ड छापायचं. मामांनी एक्सेलमध्ये आयटम आणि दर लिहून दिले. मी वर्डमध्ये मेल मर्ज केलं, तर एका पानावर एकच आयटम, अशी 64 पानं झाली. वरून नावं भलतीच दिसतात आणि दरही चुकीचे. उद्या सकाळी 10 ला सीताबर्डीच्या छापखान्यात द्यायचं आहे. कोणी सांगा लवकर, प्लीज.

इतवारीवाला (9:20)
मेल मर्ज काऊन करून राहिला भाऊ? तो पत्रांसाठी असतो. एक्सेलमध्येच कंट्रोल पी दाब, 'एका पानात बसव' निवड, झालं. आमच्या किराण्याची यादी मी दर महिन्याला अशीच काढतो.

सदरचा_सुमित (9:24)
क्यूआर कोड लाव ना टेबलावर. छापायची कटकटच नको. दर बदलले की फोनवरूनच बदलायचे.

महालचा_भाचा (9:26)
@सुमित, मामांकडे येणारे अर्धे लोक साठीच्या वरचे, ते क्यूआर काय पाहतील. कागदच पाहिजे.
@इतवारीवाला, 64 ओळी एका पानात बसवल्या तर अक्षर मुंगीएवढं होतं. पाहिलं करून.

नंदनवन_डीटीपी (9:31)
'नावं भलतीच' म्हणजे काय दिसतंय, ते जसंच्या तसं इथे चिकटव. 'दर चुकीचे' म्हणजे किती चुकीचे? शीट कोणत्या फॉन्टमध्ये आहे? तू हे काहीच सांगितलं नाहीस, आम्ही अंदाज किती बांधायचे!

महालचा_भाचा (9:38)
फॉन्ट मला काय माहीत ताई, मामांच्या कॉम्प्युटरवर तर बरोबर दिसतं. वर्डमध्ये असं येतं:

```
iksgs    25
pgk      45998
lkcqnk.kk oMk   30
```

आणि संत्रा बर्फीसमोर 0.

इतवारीवाला (9:40)
45998 रुपयांचा चहा! मामा सोनं घालतात का त्यात?

नंदनवन_डीटीपी (9:52)
आता कळलं. तीन वेगवेगळे घोळ आहेत, एकेक घेऊ.

पहिला, नावांचा. `iksgs` म्हणजे पोहे आणि `pgk` म्हणजे चहा. शीट कृतिदेव फॉन्टमध्ये टाईप केलेली आहे. त्यात आत इंग्रजीच अक्षरं साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. मेल मर्ज शीटमधली अक्षरं आणतो, फॉन्ट आणत नाही, म्हणून वर्डमध्ये उघडं अंग दिसतं. लगेच भागवायचं असेल तर वर्डमध्ये नावाच्या फील्डला कृतिदेव लाव. पण त्याच रकान्यात कुठे "Cold Drink" असं इंग्रजीत लिहिलेलं असेल तर त्याचं तिथे मराठी कडबोळं होईल. त्यापेक्षा नावांचा रकाना कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये काढ आणि मग मंगल किंवा निर्मला फॉन्ट ठेव. रफार आणि पहिली वेलांटी असलेले शब्द मात्र डोळ्यांनी तपास. तर्री, बर्फी, मिरची, कन्व्हर्टर नेमके तिथेच घसरतात.

दुसरा, चहाचा दर. मामांनी त्या रकान्यात काय लिहिलं होतं? शीट उघडून सांग.

महालचा_भाचा (9:58)
मामांना फोन केला. ते म्हणाले, "कट 7, फुल 12, म्हणून 7/12 लिहिलं." शीटमध्ये मात्र 07-Dec दिसून राहिलं.

काटोल_रोड (10:01)
चहाचा सातबारा निघाला की! तलाठ्याची सही आणा मग.

नंदनवन_डीटीपी (10:10)
हेच. 7/12 लिहिलं की एक्सेलला ती तारीख वाटते, 7 डिसेंबर. तारखा आतमध्ये दिवसांच्या मोजणीने साठवतात आणि 7 डिसेंबर 2025 चा आकडा 45998 येतो. वर्डने तोच उचलला. सेलचा प्रकार आता 'टेक्स्ट' करून उपयोग नाही, 45998 च राहील, 7/12 परत येणार नाही. परत टाईप करावं लागतं.

तिसरा, बर्फीचा. त्या सेलमध्ये आकड्याऐवजी काही शब्द आहेत का?

महालचा_भाचा (10:13)
हो. "सीझनप्रमाणे".

नंदनवन_डीटीपी (10:27)
मग बरोबर. वरच्या काही ओळींत आकडेच दिसले की वर्ड ठरवतो, हा रकाना आकड्यांचा आहे. पुढे शब्द आला की त्याला 0 करतो. म्हणून दरांचा रकानाच बदलू. एकाऐवजी दोन रकाने कर, C मध्ये हाफ किंवा एकच दर, D मध्ये फुल. चहाच्या ओळीत C मध्ये 7, D मध्ये 12. पोह्याचं फक्त C भर. बर्फीचं "सीझनप्रमाणे" C मध्येच राहू दे. मग E2 मध्ये हे लिही आणि खाली ओढत ने:

```
=IF(D2="",C2&"",C2&" / "&D2)
```

E मध्ये सगळं अक्षर म्हणूनच येतं, त्यामुळे 7 / 12 ची तारीख होत नाही आणि सीझनचा 0 होत नाही. E1 मध्ये Rate असं शीर्षक दे. मर्जला C आणि D देऊ नकोस, हाच रकाना दे. फाईल सेव्ह कर आणि मगच वर्डमध्ये जोड.

इतवारीवाला (10:31)
ताई, एवढा खटाटोप? एक्सेलमधून कॉपी करून वर्डमध्ये पेस्ट करा, दोन कॉलम करा, दहा मिनिटांचं काम. कृतिदेवही बरोबर येतो, कारण पेस्टसोबत फॉन्टही येतो.

नंदनवन_डीटीपी (10:36)
खरं आहे, पेस्टमध्ये फॉन्ट येतो आणि एकदाच छापायचं असेल तर तुझाच मार्ग चांगला. 07-Dec मात्र तसाच पेस्ट होईल, तो आधी दुरुस्त करावाच लागतो. आणि दर तीन महिन्यांनी बदलणार असतील तर एकदा मांडणी करून ठेवलेली बरी.

इतवारीवाला (10:38)
दर तीन महिन्यांनी! तेलाचे भाव पाहता दर तीन आठवड्यांनी म्हणा.

सदरचा_सुमित (10:40)
म्हणूनच म्हणतो, क्यूआर.

महालचा_भाचा (10:44)
ताई, C मध्ये 7 टाकलं तर 07-Jan येऊन राहिलं. काय करू?

नंदनवन_डीटीपी (10:47)
त्या सेलला तारखेचा प्रकार चिकटून बसला आहे. C आणि D पूर्ण निवड, प्रकार 'जनरल' कर, मग परत टाक. आता 64 पानांचं. Mailings मध्ये Start Mail Merge दाबलं तेव्हा तू Letters निवडलं असशील. पत्र म्हटलं की वर्ड प्रत्येक ओळीसाठी नवीन पान करतो. तिथेच Directory निवड. मग दोन खान्यांची एकच ओळ असलेला तक्ता काढ, डाव्या खान्यात नावाचं फील्ड, उजव्या खान्यात Rate, उजवीकडे टेकवून. एवढंच. शीर्षक घालू नकोस, नाहीतर "मेनू" हा शब्द 64 वेळा छापला जाईल. शीर्षक मर्ज झाल्यावर घाल.

Preview मध्ये एकच आयटम दिसेल. घाबरू नकोस, Directory मध्ये तसंच दिसतं. Finish & Merge मध्ये Edit Individual Documents, मग All. नव्या फाईलमध्ये 64 ओळींचा एक अख्खा तक्ता मिळेल. ओळींच्या मध्ये फट दिसली तर मूळ फाईलमध्ये तक्त्याखाली एखादी जास्तीची रिकामी ओळ आहे, ती उडव. Layout मध्ये Columns दोन हेही मूळ फाईलमध्येच कर, म्हणजे परत मर्ज केलं तरी टिकेल.

काटोल_रोड (10:52)
एक विचारू का? सांबारवडी ठेवतात का मामा? पुण्याहून आलेला मित्र विचारतो, वडी सांबारात बुडवून देतात का म्हणून.

महालचा_भाचा (10:55)
ठेवतात. 20 ची प्लेट. सांबार म्हणजे कोथिंबीर सांगा त्याला.

धंतोली_अप्पा (11:02)
वर्ड कशाला, कोरलड्रॉ शिका. मी 1998 पासून पत्रिका कोरलमध्येच करतो. प्रिंट मर्ज तिथेही आहे, आणि खरा डिझायनर कोरल सोडत नाही.

नंदनवन_डीटीपी (11:06)
अप्पा, त्याला उद्या सकाळी 10 ला द्यायचं आहे, कोरल शिकायला कधी बसेल? आणि हो भाचा, छापखान्याला वर्डची फाईल देऊ नकोस. त्यांच्या मशीनवर तुझा फॉन्ट नसेल तर कृतिदेवचं पुन्हा iksgs होईल, युनिकोडचीही मांडणी बिघडेल. पीडीएफ काढ आणि मोबाईलवर उघडून एकदा बघ. मोबाईलमध्ये बरोबर दिसली की फॉन्ट बहुतेक पीडीएफच्या आत बसला आहे असं समज.

इतवारीवाला (11:10)
हे मात्र पटलं. माझ्या एका यादीचा मशीनवाल्याने असाच बट्ट्याबोळ केला होता, पूर्ण यादी चौकोनांत आली.

महालचा_भाचा (11:48)
झालं! A4 च्या एका बाजूला दोन कॉलममध्ये बसलं, अक्षर 13 चं. मामांनी शीटमध्ये "गरम पदार्थ" आणि "थंड" अशा ओळी घातल्या होत्या. त्या रिकाम्या दरासह तशाच आल्या, मी त्यांना हाताने ठळक केलं. चहासमोर 7 / 12 आलं, बर्फीसमोर सीझनप्रमाणे.
पण "तर्री पोहे" चं कन्व्हर्टरने "तरीर् पोहे" केलं. ते मी हाताने दुरुस्त केलं. आता बाकी 63 मध्ये असं कुठे आहे ते शोधून राहिलो.

नंदनवन_डीटीपी (11:53)
Ctrl+F मध्ये `र्` टाकून शोध. तो शब्दाच्या शेवटी किंवा अर्धवट लटकलेला दिसला की तिथे रफार चुकला आहे. सगळ्या चुका अशा सापडत नाहीत, म्हणून मामांकडून एकदा वाचून घे. दर त्यांचे, नजरही त्यांचीच हवी.

धंतोली_अप्पा (11:59)
कोरलमध्ये हा प्रश्नच येत नाही.

इतवारीवाला (रात्री 12:03)
अप्पा, कोरलमध्ये कृतिदेवचा युनिकोड आपोआप होतो का?

धंतोली_अप्पा (12:05)
होत नाही. पण मी कृतिदेवच वापरतो.

महालचा_भाचा (सकाळी 8:40)
मामांनी वाचलं. दोन दर बदलले, "मिसळ" लिहायचीच राहिली होती, म्हणजे 65 झाले. शीटमध्ये घालून परत मर्ज केलं, पाच मिनिटं लागली. @इतवारीवाला, पेस्ट केलं असतं तर कॉलम परत लावावे लागले असते.
आता मामा म्हणतात, प्रत्येक आयटमसमोर फोटो पाहिजे. मेल मर्जमध्ये फोटो येतात का?