मदत हवी आहे: प्रायोजकाचा मजकूर वाचायला लागले की माझा आवाजच बदलतो

चांदणचकवा
आकाशनिरीक्षणावर पॉडकास्ट करते. एकटीच बोलते, समोर फक्त मुद्दे असतात. आता पहिला प्रायोजक मिळालाय, पासवर्ड सांभाळणारं अ‍ॅप. भागाच्या मध्यावर 60 सेकंदांची जाहिरात माझ्याच आवाजात हवी आहे. त्यांनी मजकूर पाठवलाय, त्याची सुरुवात अशी: "आजच्या धकाधकीच्या डिजिटल युगात आपली सुरक्षितता हीच आमची प्राथमिकता." हे वाचताना माझा आवाज एक पट्टी चढतो आणि वेगही वाढतो. ऐकताना वाटतं, मध्येच कुणीतरी दुसरंच बोलायला आलंय. त्यांच्या मजकुरात किती फेरफार करता येतो? आणि करायचा तो कसा?

बिनधास्त_बोल
कागद बाजूला ठेवा आणि मनानं बोला. वाचलेलं लगेच कळतं.

माइकसमोर
बिनधास्त, अर्धं बरोबर आहे तुमचं. सगळंच मनानं बोललं तर सवलतीचा कोड चुकतो, सवलत किती दिवस आहे ते राहून जातं आणि प्रायोजक पुन्हा रेकॉर्ड करायला लावतो.

ताई, आधी त्यांना विचारा की कोणती वाक्यं शब्दशः हवीत. बहुतेक वेळा अशी दोन-तीनच निघतात: नाव, सवलत, कोड आणि एखादा दावा. बाकीचं तुम्ही तुमच्या भाषेत सांगावं, हेच त्यांना हवं असतं. तेवढी वाक्यं कागदावर ठेवा, बाकीच्यासाठी एकेक शब्द लिहा. पूर्ण वाक्य समोर असलं की डोळे वाचायला लागतात आणि आवाज चढतो तो तिथेच.

दुसरं म्हणजे जाहिरात वेगळ्या दिवशी रेकॉर्ड करू नका. भाग बोलून झाला की त्याच बैठकीत, माइकपासून तेवढ्याच अंतरावर बसून बोला. नंतर आधीची आणि पुढची अर्धी मिनिटं जोडून सलग ऐका. नुसती जाहिरात ऐकली तर फरक कळत नाही, सांध्यावर लगेच कळतो.

रविवारची_सुट्टी
माझ्या व्हिडिओंवर लोक जाहिरात पुढे ढकलतात. ती कितव्या मिनिटाला टाकावी?

माइकसमोर
तो वेगळा प्रश्न आहे, वेगळा धागा काढा. एवढंच सांगतो, वाक्याच्या मध्ये तोडू नका.

चांदणचकवा
विचारलं. त्यांना नाव, कोड आणि "पहिला महिना मोफत" एवढंच शब्दशः हवंय. बाकीचं असं केलंय:

"थोडं थांबूया, एक जाहिरात. नवा फोन घेतला की मला सगळ्यात कंटाळा येतो तो प्रत्येक अ‍ॅपमध्ये पुन्हा लॉगिन करण्याचा. या अ‍ॅपमध्ये एकच मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा, बाकीचे ते भरतं. मी कित्येक वर्षं हेच वापरते आणि हे जगातलं सर्वांत सुरक्षित अ‍ॅप आहे."

आणि आधी शुक्राबद्दल बोलत होते, म्हणून "शुक्र ढगांआड लपतो, तसे तुमचे पासवर्डही लपवा" असा सांधा जोडावा म्हणते.

माइकसमोर
लॉगिनचा कंटाळा उत्तम. कुणालाही पटेल आणि तुमच्याच तोंडचा वाटतो. शेवटचं वाक्य मात्र काढा. खरंच कित्येक वर्षं वापरताय का?

चांदणचकवा
नाही, त्यांनी खातं दिल्यावरच घेतलं. ते वाक्य त्यांच्या नमुन्यात होतं.

माइकसमोर
मग "नुकतंच वापरायला लागलेय" म्हणा, तेच जास्त खरं वाटेल. "सर्वांत सुरक्षित" हा कंपनीचा दावा आहे. तो ठेवायचाच असेल तर "कंपनीचं म्हणणं आहे" असं म्हणून सांगा, नाहीतर त्याची जबाबदारी तुमच्या अंगावर येते.

शुक्राचा सांधा नको. श्रोता पाच सेकंद शुक्राबद्दलच ऐकत असतो आणि मग कळतं की आपल्याला फसवून आणलंय. "एक जाहिरात" हे सरळ सांगणंच चांगलं. शिवाय प्रायोजक ही फीत नंतर दुसऱ्या भागांतही टाकणार असेल, तर शुक्राचा उल्लेख तिथे लोंबकळेल. ते आत्ताच विचारून घ्या.

तिसरी_घंटा
सांध्याबद्दल मला पटत नाही. मी ऐकते त्या एका कार्यक्रमात विषयाला धरूनच जाहिरात येते आणि ती गोडच वाटते. पण तिथे वस्तू खरंच विषयाची असते, दुर्बीण वगैरे.

माइकसमोर
दुर्बीण असेल तर मीही जोडेन. पासवर्डला मात्र नाही.

चांदणचकवा
विचारते. आणि कोडमध्ये इंग्रजी अक्षरं आणि आकडे एकत्र आहेत, तो बोलून कसा सांगायचा? सलग म्हटला की मलाच कळत नाही.

माइकसमोर
एकेक अक्षर सावकाश, दोनदा. तेवढी एकच गोष्ट वाचूनच म्हणा, आणि भागाच्या वर्णनातही लिहा.