सोसायटी ग्रुप: मामांची पॉलिसी आणि पीपीएफ

समीर (सी-१०४): पाण्याचा विषय संपला असेल तर एक विचारू का. बायकोचे मामा एजंट आहेत, रविवारी येतायत. एंडोमेंट पॉलिसी आहे, वर्षाला ५० हजार, २० वर्षं भरायचे, विमा १० लाखाचा आणि शेवटी १९ लाख. मी आत्ता ३८, म्हणजे बरोबर ५८ ला पैसे हातात. मामा म्हणतात रिटायरमेंटचं टेन्शनच गेलं. घेऊ का?

राणे काका (ए-५०२): १९ लाख कुठल्या कॉलममधले? कागदावर दोन कॉलम असतील बघ, ४ टक्के आणि ८ टक्के.

समीर (सी-१०४): ८ वाला. मामांनी हायलायटर मारलाय त्यावर. ८ टक्के म्हणजे चांगलंच ना काका, पीपीएफला तर ७.१ च आहे

राणे काका (ए-५०२): तिथेच सगळे फसतात रे. ते ८ टक्के तुला मिळणारे नाहीत. कंपनीच्या गुंतवणुकीवर ८ टक्के सुटले तर, असं धरून केलेला तो हिशोब आहे. त्यातून एजंटचं कमिशन, ऑफिसचा खर्च, विम्याची किंमत हे सगळं कापून जे उरेल ते तुझं. बरं कंपनी तरी पैसे कुठे लावते, बराचसा भाग सरकारी रोख्यांतच. म्हणजे सरकारलाच पैसे द्यायचे तर मधे एवढी माणसं कशाला पोसायची. मी बँकेत असताना रोज एक जण तरी हा कागद घेऊन यायचा आणि दरवेळी ८ वरच बोट ठेवायचा.

प्राजक्ता (बी-२०३): समीर एक्सेल उघड आणि हे टाक, दोन मिनिटांचं काम आहे

```
=RATE(20,-50000,0,1900000,1)
```

समीर (सी-१०४): ५.७८% आलं 😐

प्राजक्ता (बी-२०३): हा तुझा खरा व्याजदर, आणि तो पण ८ चा कॉलम खरा ठरला तर. आता तेच ५० हजार दरवर्षी ५ एप्रिलच्या आत पीपीएफमध्ये टाकलेस आणि दर ७.१ च राहिला तर २० वर्षांनी साधारण २२ लाख १९ हजार होतात. पीपीएफ १५ वर्षांचं असतं, पुढची ५ वर्षं वाढवून घ्यायची, फक्त मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत फॉर्म द्यायचा नाहीतर नवीन पैसे भरता येत नाहीत.

समीर (सी-१०४): पण त्यात विमा नाही ना, मी गेलो तर?

प्राजक्ता (बी-२०३): धर की वर्षाला तीनेक हजार देऊन १० लाखाचा साधा टर्म विमा घेतलास, म्हणजे माणूस गेला तरच पैसे मिळतात तो, आणि उरलेले ४७ हजारच पीपीएफला टाकले. तरी २० लाख ८६ हजार होतात. खरं तर तुझ्या पगाराला १० लाखाचा विमा म्हणजे काहीच नाही, घराचं कर्ज पण फिटणार नाही त्यात, पण तो वेगळा विषय

समीर (सी-१०४): पण दरवर्षी बोनस जाहीर होतो म्हणे, हजाराला ४५. म्हणजे ४५ हजार दरवर्षी!! ५० भरतोय आणि ४५ परत, मला तर भारी वाटलं होतं

राणे काका (ए-५०२): अरे परत नाही, जमा. आणि त्या जमेवर व्याज नाही. हे नीट समजून घे, सगळी गोम इथे आहे. हजाराला ४५ हे विम्याच्या रकमेवर असतं, १० लाखावर, म्हणून आकडा मोठा दिसतो. पहिल्या वर्षी जाहीर झालेले ४५ हजार तुझ्या नावावर लिहिले जातात आणि २० वर्षांनी तू घ्यायला जाशील तेव्हा ते ४५ हजारच असतात, एक रुपया वाढलेला नसतो. पीपीएफमध्ये तेच ४५ हजार १९ वर्षं पडून राहिले असते तर १ लाख ६५ हजार झाले असते. दरवर्षी ४५ असे वीस वर्षांचे ९ लाख, अधिक १० लाख विमा, झाले तुझे १९. साधी बेरीज आहे, चक्रवाढ कुठेच नाही. आणि बोनस किती द्यायचा हे कंपनी दरवर्षी ठरवते, ४५ च देऊ असं कुठे लिहून देत नाहीत.

समीर (सी-१०४): बापरे. म्हणजे जितकी लांब मुदत तितका तोटा जास्त

राणे काका (ए-५०२): हो ना, आणि रिटायरमेंट म्हणजे लांबचीच मुदत. पीपीएफचा दर पण सरकार दर तिमाहीला बघतं हां, एप्रिल २०२० पासून ७.१ वर आहे म्हणून कायम राहील असं नाही. तुझ्या कंपनीत पीएफ कापतात ना? मग एचआरला सांगून व्हीपीएफ वाढव, म्हणजे पीएफमध्येच स्वतःहून जास्तीचे पैसे कापून घ्यायचे, २०२४-२५ ला ८.२५ होता दर. वर्षाला तुझा स्वतःचा वाटा अडीच लाखाच्या वर गेला की वरच्या भागाच्या व्याजावर टॅक्स लागतो तेवढं सांभाळ.

देसाई वहिनी (ए-३०१): मी कधीची वाचतेय आणि पोटात गोळा आलाय. आमची सेम टू सेम पॉलिसी आहे, ५० हजार, १० लाख, २० वर्षं. पाच हप्ते भरून झालेत, सहावा पुढच्या महिन्यात. ह्यांना म्हटलं उद्याच जाऊन सरेंडर करा!

प्राजक्ता (बी-२०३): वहिनी थांबा थांबा, तुमचं गणित वेगळं आहे. जे नुकसान व्हायचं ते बरंचसं पहिल्या वर्षांत होऊन गेलंय. आता फक्त पुढच्या १५ हप्त्यांचं बघायचं. भरणं बंद करून पॉलिसी पेडअप केलीत तर विमा भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होतो, वीसातले पाच म्हणजे अडीच लाख, त्यात जमलेला बोनस सव्वादोन लाख, असे पावणेपाच लाख मिळतील पण १५ वर्षांनी, आणि पुढचा बोनस सहसा बंद. पुढचे ५० हजार पीपीएफला टाकले तर १५ वर्षांत साडेतेरा लाखाच्या जरा वर. एकूण झाले १८ लाख ३१ हजार. आणि पॉलिसी चालू ठेवलीत तर १९.

देसाई वहिनी (ए-३०१): अगं म्हणजे चालू ठेवणंच बरं??

प्राजक्ता (बी-२०३): पीपीएफशी तुलना केली तर हो, बोनस असाच राहिला तर. पुढच्या हप्त्यांवर साडेसात टक्क्यांच्या थोडं वर पडतंय, मलाही आधी खरं वाटेना, दोनदा करून पाहिलं. शेवटच्या वर्षांतल्या बोनसला फार दिवस बिनव्याजी पडून राहावं लागत नाही, म्हणून असं होतं. व्हीपीएफला टाकणार असाल तर मात्र पेडअप करून १९ लाख ७४ हजार होतात, दर असाच राहिला तर. सरेंडरचं म्हणाल तर आधी शाखेतून आजचा आकडा लेखी आणा. १ लाख ९५ हजारांच्या खाली असेल तर पीपीएफला टाकून सुद्धा १९ गाठत नाही.

देसाई वहिनी (ए-३०१): अडीच लाख भरलेत गं आम्ही

राणे काका (ए-५०२): वहिनी तो अडीचचा आकडा आता विसरा, फक्त शाखा काय देते ते बघा. आणि सहावा हप्ता थांबवू नका तोवर, ग्रेस पिरियड असला तरी.

समीर (सी-१०४): वहिनी तुम्हाला कोणी विकली ही?

देसाई वहिनी (ए-३०१): तुझ्याच घरी वास्तुशांतीला भेटलेले की, गोरे उंच, चष्मा…

समीर (सी-१०४): 🤦 मामा

राणे काका (ए-५०२): रविवारी किती वाजता येतायत?